शेठच्या नावानं लिंक्डइन पोस्ट लिहायच्या तर: आवाज, गुप्तता आणि महिन्याची फी

खान्देशात या कामाला गिऱ्हाईक भरपूर आहे, फक्त ते स्वतःहून शोधत येत नाही. जळगावच्या एमआयडीसीत डाळमिल, पीव्हीसी पाइप, चटईवाले, रावेर-यावलकडं केळीचे एक्स्पोर्टर, दोंडाईचा-नंदुरबारकडं मिरचीवाले, यांचा दिवस सकाळी गोडाऊनवर सुरू होतो आणि रात्री हिशोबावर संपतो. पुण्यात शिकून आलेला मुलगा किंवा पुतण्या लिंक्डइनवर प्रोफाइल उघडून देतो, दिवाळीच्या शुभेच्छांची एक पोस्ट पडते, मशीनचा एखादा फोटो पडतो आणि पुढं सगळं थंड. आपलं काम इथून सुरू होतं, पोस्ट शेठच्या नावानं जाणार, शब्द आपण बसवणार.

मी हा लेख एकाच प्रकारच्या गिऱ्हाईकावर ठेवतोय, मालक स्वतः धंदा चालवतो, मराठीत नाहीतर अहिराणीत विचार करतो, लिहायला वेळ नाही पण बोलायला बसला की तासभर थांबत नाही. असा माणूस या कामाला सगळ्यात चांगला, कारण माल त्याच्या बोलण्यात असतो, आपल्याला फक्त तो काढता आला पाहिजे.

आधी एक गोष्ट स्वतःशी ठरवून घ्या

दुसऱ्याच्या नावानं लिहिणं यात लपवाछपवी वाटायचं कारण नाही, भाषणं, पत्रं हे सगळं पूर्वीपासून लोक लिहून देत आलेत. पण हद्द एक आहे आणि ती पक्की ठेवा, जे शेठनं केलं नाही, पाहिलं नाही, मानत नाही ते त्याच्या नावावर लिहायचं नाही. म्हणजे विचार त्याचा, अनुभव त्याचा, आकडा त्याचा, मांडणी आपली. ही हद्द नीतीची तर आहेच पण व्यवहाराचीही आहे, कारण पोस्ट वाचून नाशिकचा व्यापारी फोन शेठलाच करणार आहे आणि त्यानं विचारलं की तुम्ही लिहिलंय ते जरा समजवा ना, तर शेठला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही तर पोस्टला कितीही लाइक असू देत, ती पोस्ट नुकसान करून गेली.

पहिली बैठक: प्रश्न कसे विचारायचे

ऑफिसात जाऊन "काका, तुमचा प्रवास सांगा" म्हटलं की शेठ सत्कार समारंभात बोलतो तसं बोलायला लागतो. वडिलांनी कष्ट केले, प्रामाणिकपणा, ग्राहक देवो भव, सगळं खरं असतं पण ते कोणाही शेठच्या तोंडी बसतं. त्यामुळं मोठा प्रश्न विचारायचाच नाही, बारीक विचारायचा आणि शक्यतो अलीकडचा. या महिन्यात कुठला लॉट परत पाठवला आणि का? कुठल्या गिऱ्हाईकाला नाही म्हटलं? नवीन पोरगा कामाला आला तर पहिल्या दिवशी त्याला काय शिकवता? गिऱ्हाईक कुठली गोष्ट कायम चुकीची समजतं? असं कुठलं मशीन आहे जे घेतल्याचं वाईट वाटतं? असे पाच-सहा प्रश्न नेले की एका तासात आठ पोस्टचा माल निघतो, कधी कधी जास्तच.

बैठक समोरासमोर घ्या, निदान पहिले दोन महिने तरी. फोनवर शेठ घाईत असतो आणि मध्ये दुसरा फोन येतो. मोबाईल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग चालू करा पण आधी विचारून, आणि हेही सांगून टाका की रेकॉर्डिंग फक्त मी ऐकणार, त्या महिन्याच्या पोस्ट मंजूर झाल्या की डिलीट करणार. एवढं सांगितल्यावर शेठ मोकळा होतो. सगळ्यात भारी वाक्यं बऱ्याचदा रेकॉर्डिंग बंद केल्यावर, चहा पिताना निघतात, ती लगेच गाडीत बसून किंवा गेटबाहेर उभं राहून लिहून ठेवायची, घरी जाईपर्यंत त्यातला लहेजा उडून जातो. आणि तेव्हा रेकॉर्डिंग बंद होतं हे विसरू नका, त्यातलं काही पोस्टमध्ये घ्यायचं असेल तर आधी त्याला विचारा.

सीझनही बघा. तुरीची आवक साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू झाली की मार्चपर्यंत डाळमिलवाला तुमच्या हाती लागत नाही. अशा वेळी नोव्हेंबरात दोन बैठका सलग घेऊन माल साठवून ठेवा आणि सीझनमध्ये फक्त दहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज मागा.

आवाज म्हणजे नेमकं काय पकडायचं

नवीन लिहिणाऱ्याला वाटतं आवाज पकडायचा म्हणजे शेठचे तकियाकलाम घालायचे, दर वाक्यात "भो" आणि "बोवा" टाकला की झालं. तसं केलं की वाचणाऱ्याला नक्कल वाटते आणि शेठला अपमान. बोलण्यातले असे शब्द पोस्टमध्ये एखादाच पुरे, तोही तो स्वतः लिहील असं वाटत असेल तर.

खरा आवाज तीन ठिकाणी असतो. एक, माणूस काय मोजतो. डाळमिलवाला उतारा मोजतो म्हणजे शंभर किलो तुरीतून डाळ किती पडली, केळीवाला घडाचं वजन आणि किती बॉक्स भरले ते मोजतो, पाइपवाला प्रेशर आणि वजन बोलतो. त्याच्या मापात लिहिलं की ओळखीचा माणूस लगेच म्हणतो हे त्याचंच बोलणं. दोन, गोष्ट कुठून सुरू करतो. काही जण आधी निकाल सांगतात मग कारण, काही जण लांबून, वडिलांपासून येतात. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तो काय कधीच बोलत नाही. ज्या माणसानं आयुष्यात "पॅशन" किंवा "व्हिजन" म्हटलं नाही त्याच्या पोस्टमध्ये तो शब्द आला की जुना मित्र खाली कमेंट टाकतो, "शेठ, कोणी लिहून दिलं?"

रेकॉर्डिंग ऐकताना एक कागद तयार करा, मी त्याला बोलीचा कागद म्हणतो. त्यात त्याचे नेहमीचे धंद्याचे शब्द, आवडती मापं, तो कोणाला श्रेय देतो (वडील, मिस्त्री, मुनीम), वाक्यं आखूड की लांब, इंग्रजी शब्द कुठले वापरतो आणि खाली एक चौकट, "हे शब्द कधीच नाही". पहिल्या महिन्यात कागद अर्धवटच असणार. तो भरतो शेठच्या दुरुस्त्यांमधून, म्हणून ड्राफ्ट नुसता व्हॉट्सॲपवर पाठवून "ओके का?" विचारू नका, सुरुवातीच्या चार पोस्ट त्याला फोनवर किंवा समोर बसून मोठ्यानं वाचून दाखवा. जिथं तो "नाही नाही, असं नाही म्हणायचं" म्हणतो तिथं थांबा आणि मग काय म्हणायचं ते त्याच्याच तोंडून घ्या, तो शब्द कागदावर जातो.

काम जमतंय की नाही ते दुरुस्त्यांवरून कळतं. पहिल्या पोस्टमध्ये सात-आठ बदल आले तर काही बिघडलं नाही. चौथ्या-पाचव्या पोस्टपर्यंत ते एक-दोन शब्दांवर आले पाहिजेत. उलट पहिल्याच पोस्टला "छान आहे, टाका" आलं तर खूश होऊ नका, त्यानं बहुतेक वाचलेलीच नसते. तेव्हा दुसऱ्या दिवशी सहज विचारा, काका त्या पोस्टमधली ती तेलाची गोष्ट बरोबर लिहिली ना? उत्तरावरून समजतं.

भाषेचा प्रश्न येतोच, मराठीत लिहायचं की इंग्रजीत. गिऱ्हाईक बघून ठरवा. माल महाराष्ट्रातल्या वितरकाला, कॅन्टीनवाल्याला विकायचा असेल तर मराठी बिनधास्त चालते आणि वेगळी दिसते. दिल्ली-चेन्नईची पार्टी किंवा आखाती देशातला खरेदीदार पाहिजे असेल तर साधं, आखूड इंग्रजी. पण इंग्रजीतही वरची तीन ठिकाणं तीच राहतात, शेठ उताऱ्याचं बोलतो तर इंग्रजी पोस्टमध्येही उताराच आला पाहिजे, भाषा बदलली म्हणून तो कॉर्पोरेट साहेब होत नाही.

एक पोस्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत

उदाहरण म्हणून असा एक डाळमिल मालक धरा. बैठकीत विचारलं, गिऱ्हाईक काय चुकीचं समजतं? तो जे बोलला ते असं:

"लोकं ना, चमक म्हणजे क्वालिटी समजतात. पिवळी धम्मक पाहिजे. आता चमक कुठून येते, पॉलिशनं येते, थोडं तेल-पाणी लावलं, घासलं, आली चमक. घासताना पावडर निघते ती कोणाची? माझ्या उताऱ्यातूनच जाते ना बोवा. पुण्याची ती अमुक पार्टी आली होती, त्यांना आपण अमुक भावात देतो, किलोमागं आपल्याला इतकेच सुटतात, तर ते म्हणे तुमच्या डाळीला चमक नाही. मी म्हटलं चला भो, दोन्ही डाळी धुवून पाहू. ऑफिसातच दोन वाट्या घेतल्या. धुतल्यावर दोन्ही सारख्या दिसायला लागल्या. ते हसले. मग आमचं तेव्हापासून जमलं."

हे सोनं आहे. पण यातून नवखा माणूस असं काहीतरी बनवतो: "गुणवत्ता हीच आमची ओळख! आजच्या स्पर्धेच्या युगात आम्ही नैसर्गिक डाळ देण्यासाठी कटिबद्ध आहोत." यात शेठ कुठंच नाही, वाट्या नाहीत, पावडर नाही. ही पोस्ट तेलाच्या डब्यावरही चिकटवता येईल आणि साबणावरही.

आता नीट करू. पहिलं काम लिहायचं नाही, काढायचं. पार्टीचं नाव गेलं, पुणं गेलं, भाव गेला, किलोमागं किती सुटतात ते तर आधी गेलं. मग राहिलेल्यातून पोस्टचा एकच मुद्दा उचला, इथं तो म्हणजे चमक धुतली की जाते. उताऱ्याचं बोलणं त्याला आधार म्हणून येईल. आणि मग पोस्ट अशी होते:

"एक खरेदीदार म्हणाले, तुमच्या तूरडाळीला चमक नाही.

मी ऑफिसात दोन वाट्या मागवल्या. एकीत आमची डाळ, एकीत बाजारातली पॉलिश केलेली. दोन्ही पाण्यानं धुतल्या. पाणी ओतून टाकल्यावर दोन्ही शेजारी ठेवल्या आणि विचारलं, आता ओळखा.

चमक वरून लावलेली असते. ती आणायला डाळ घासावी लागते, घासताना पावडर निघते, आणि ती पावडर म्हणजे डाळच असते. शंभर किलो तुरीतून किती डाळ पडली यावर आमचा सगळा धंदा. म्हणून फक्त दिसण्यासाठी डाळ घासणं मला पटत नाही.

ज्यांना पॉलिश पाहिजे त्यांनी जरूर घ्यावी. पण घेण्याआधी एक वाटी धुवून बघा."

बघा काय काय राहिलं. वाट्या राहिल्या, उतारा हा शब्द न वापरता उताऱ्याचा हिशोब राहिला कारण वाचणाऱ्यात कॅन्टीनवालेही आहेत, आणि शेवटी शेठचा स्वभाव राहिला, तो जबरदस्ती करत नाही. "भो" आणि "बोवा" दोन्ही काढले. आमची डाळ लवकर शिजते, जास्त पौष्टिक आहे असलं काही घातलं नाही, कारण शेठ तसं बोलला नव्हता आणि खाण्याच्या मालाबद्दल आरोग्याचा दावा पुराव्याशिवाय करणं अंगावर येऊ शकतं.

पहिली ओळ का तशी ठेवली तेही सांगतो. लिंक्डइनवर पोस्टमध्ये ३,००० अक्षरांपर्यंत जागा मिळते पण फीडमध्ये वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी "आणखी पहा" दाबल्यावर. म्हणून पहिल्या ओळीत भांडण, शंका किंवा प्रश्न पाहिजे, नमस्कार मंडळी नको.

टाकायच्या आधी अजून एक तपासणी राहते. नाव काढलं तरी तो खरेदीदार स्वतःला ओळखणारच. त्याला कमीपणा वाटेल का? इथं तो हसला होता, नंतर जमलं होतं, तरी शेठला म्हणायचं एक फोन करून टाका, तुमचा किस्सा नाव न घेता टाकतोय. बहुतेक वेळा माणूस खूश होतो. नाही म्हणाला तर पोस्ट बाजूला ठेवायची, हट्ट करायचा नाही.

गुप्तता: दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत

एक गुपित म्हणजे लिहिणारा तुम्ही आहात हे. दुसरं म्हणजे बैठकीत कानावर पडलेला धंदा, भाव, पार्ट्या, मार्जिन, मशीनची सेटिंग, भावाभावातली कुरबूर. लोक पहिल्याची काळजी करतात, खरं नुकसान दुसऱ्यानं होतं. जळगावसारख्या ठिकाणी एका लाइनीतले सगळे एकमेकांना ओळखतात, लग्नात शेजारी जेवायला बसतात, त्यामुळं माझा नियम असा की काम चालू असेपर्यंत एका जिल्ह्यात एका लाइनीचा एकच क्लायंट. डाळमिल एक, पाइप एक, केळी एक. हे आधीच सांगितलं की शेठचा अर्धा संशय जातो आणि फी सांगताना तुमचा हातही थोडा वर राहतो.

गुपित फुटतं ते मोठ्या गद्दारीनं नाही, बारीक हलगर्जीपणानं. गुगल डॉकची लिंक "ज्याच्याकडं लिंक आहे तो कोणीही" वर ठेवलेली असते. ड्राफ्ट चुकून दुसऱ्या ग्रुपवर जातो, क्लायंटचं नाव "क्लायंट डाळमिल" असं सेव्ह असतं आणि कॉल आला की शेजारच्याला दिसतं. पोस्ट पडल्यावर दोन मिनिटांत पहिला लाइक दर वेळी तुमचाच असतो. म्हणून ज्यांच्यासाठी लिहिता त्यांच्या पोस्टवर लाइक, कमेंट काहीच करू नका, प्रत्येक क्लायंटला वेगळा फोल्डर, शेअरिंग फक्त त्याच्या ईमेलवर, आणि ड्राफ्ट पाठवताना शेवटी ग्रुप नाही तर माणसाचं नाव आहे ना ते बघून बोट ठेवा.

पासवर्डचं काय, हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. शेठ सहज म्हणतो, "घे रे पासवर्ड, तूच टाकत जा." घेऊ नका. लिंक्डइनच्या करारात अकाउंट दुसऱ्याला वापरायला द्यायचं नाही, पासवर्ड गुप्त ठेवायचा असं आहे, वेगळ्या ठिकाणाहून लॉगिन झालं की ओटीपी, व्हेरिफिकेशन सुरू होतं आणि अकाउंट अडकलं तर बोट तुमच्याकडं. शिवाय त्याचे इनबॉक्समधले मेसेज तुमच्या डोळ्यांसमोर येतात, ज्याची जबाबदारी तुम्हाला नकोच असते. सोपा मार्ग म्हणजे मंजूर मजकूर आणि फोटो तुम्ही पाठवायचे, ऑफिसातला मुलगा किंवा शेठ स्वतः पेस्ट करून लिंक्डइनच्याच शेड्यूलमध्ये लावतो. महिन्याच्या आठ पोस्ट एका बसणीत लागून जातात. कंपनीचं पेज असेल तर गोष्ट वेगळी, तिथं तुमच्या स्वतःच्या अकाउंटला ॲडमिनचा हक्क देता येतो, पण तो दिसतो कोणाला आणि काढायचा कधी ते ठरवून घ्या.

कमेंटची उत्तरं शेठनं स्वतः द्यावीत. तुम्ही फार तर सांगा की या तिघांना उत्तर द्या आणि काय विचारलंय. एका ओळीचं त्याचं मोडकंतोडकं उत्तर तुमच्या सुबक उत्तरापेक्षा जास्त विश्वास देतं.

एखाद्याची कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल, अगदी एसएमई प्लॅटफॉर्मवर असली तरी, तर अजून जपून. ऑर्डर, निकाल, नवीन प्लांट यातलं काहीही एक्स्चेंजला कळवायच्या आधी पोस्टमध्ये जाता कामा नये आणि तुम्हाला आधी कळलं असेल तर त्या शेअरला हात लावायचा नाही, सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे नियम तुमच्यावरही लागू होतात. तिथं कंपनी सेक्रेटरीची मंजुरी घेतल्याशिवाय पोस्ट नाही.

कागदावर काय घ्यायचं

तोंडी शब्दावर धंदा करणारी आपली माणसं आहेत, करार म्हटलं की शेठ म्हणतो "विश्वास नाही का?" तर त्याला सांगा, काका हा कागद तुमच्या बाजूचा आहे. आणि ते खरंच आहे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणं फ्रीलान्सरनं लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक साधारणपणे लिहिणाराच असतो, पैसे दिले म्हणून हक्क आपोआप शेठकडं जात नाही. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीचा कागद लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरली जाते, कुठल्या भागासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत. म्हणून कागदात सरळ लिहा की फी मिळालेल्या पोस्टचे सगळे हक्क कायमचे, सगळ्या जगासाठी क्लायंटचे, आणि लिहिणारा मी आहे असं मी कुठंही सांगणार नाही. "फी मिळालेल्या" हे दोन शब्द तुमच्या बाजूचे, ते गाळू नका.

कधी कधी शेठचा वकील एक कलम घालतो, काम सुटल्यावर दोन वर्षं या लाइनीत कोणासाठीही लिहायचं नाही. करार कायदा १८७२ च्या कलम २७ खाली असं काम सुटल्यानंतरचं बंधन सहसा टिकत नाही, पण त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा सांगा की काम चालू असेपर्यंत मी दुसरा घेणार नाही आणि तुमची माहिती काम सुटल्यावरही कधी बाहेर जाणार नाही. माहिती जपायचं कलम टिकतं आणि शेठला खरं तेच पाहिजे असतं. दंडाची रक्कम लाखांत लिहिली असेल तर ती तुमच्या काही महिन्यांच्या फीपर्यंत आणून घ्या, सही त्यानंतर. करार साध्या कागदावरही करता येतो, स्टॅम्पवर करायचा असेल तर महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागतो.

मग पुढच्या क्लायंटला दाखवायचं काय, नाव तर सांगता येत नाही. दोन रस्ते आहेत. स्वतःच्या प्रोफाइलवर स्वतःच्या नावानं लिहा, गावच्या बाजाराबद्दल, धंद्यातल्या माणसांबद्दल, तो तुमचा नमुना. आणि करारात एक ओळ घ्या की क्लायंटची परवानगी घेऊन मी त्याचा फोन एखाद्या नवीन माणसाला देऊ शकतो. खान्देशात बहुतेक काम असंच, एका शेठनं दुसऱ्याला हळूच सांगितल्यानं येतं.

फी कशी काढायची

पोस्टमागं पाचशे-हजार असा भाव सांगितला की तुम्ही फसलात, कारण शेठ लगेच डझनाचा भाव विचारतो आणि बैठक, ऐकणं, वाचून दाखवणं हे सगळं फुकटात जातं. महिन्याचा आकडा सांगा आणि तो तासांवरून काढा. आठ पोस्टचं गणित असं बसतं: बैठक आणि जाणं-येणं तीन तास, रेकॉर्डिंग ऐकून मुद्दे काढणं तीन तास, लिहिणं पोस्टमागं सव्वा तास धरला तर दहा तास, वाचून दाखवणं आणि दुरुस्त्या चार तास. झाले वीस तास. तुमचा तास सहाशेचा धरला तर बारा हजार. तास तुम्ही चारशेचा धरा नाहीतर हजाराचा, अनुभवावर आहे, पण वीस तास विसरू नका. चार पोस्टचं काम निम्म्या पैशात होत नाही, कारण बैठक तेवढीच लागते, तिथं बारा तास धरले तर सात हजार दोनशे होतात.

फीच्या आत काय ते स्पष्ट लिहा: महिन्याला एक बैठक, आठ पोस्ट, प्रत्येकीला दोनदा दुरुस्ती. तिसऱ्यांदा पूर्ण नवीन लिहायला लावलं तर ती नवीन पोस्ट धरायची. शेठनं बैठक दिली नाही म्हणून पोस्ट राहिल्या तर त्या पुढच्या एका महिन्यापर्यंत चालतील, त्यापुढं नाही. हे कलम कडक वाटतं पण नाहीतर सीझन संपल्यावर एकदम चोवीस पोस्ट मागितल्या जातात. पहिला महिना फुकट ट्रायल देऊ नका, सगळ्यात जास्त मेहनत त्याच महिन्यात असते, हवं तर असं सांगा की पहिल्या महिन्यानंतर कोणीही थांबवू शकतं, पुढं एक महिन्याची नोटीस.

फॉलोअर किती वाढतील, ऑर्डर किती येतील याची हमी द्यायची नाही आणि ऑर्डरवर टक्केवारीही घ्यायची नाही. ऑर्डर कशामुळं आली हे शेठलाही नक्की सांगता येत नाही आणि टक्केवारी मागायची म्हणजे त्याची वही बघायला मागणं.

पैसे आगाऊ, महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. "करून टाकू पुढच्या आठवड्यात" हे ऐकावं लागणारच, म्हणून सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करून ठेवा, ती फुकट आहे आणि सेवा देणाऱ्यालाही मिळते. एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर पंधरा, आणि उशीर झाला तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी इन्कमटॅक्समध्ये दाखवायला अडचण येते. शेठला हे माहीत नसलं तरी त्याच्या सीएला चांगलं माहीत असतं, बिलावर उद्यम नंबर छापला की पुरतं.

टीडीएसही आधीच समजावून घ्या. प्रोफेशनल फी वर्षाला ५०,००० च्या वर जाणार असेल तर फर्म सहसा दहा टक्के कापते, म्हणजे बारा हजारातले बाराशे कापून दहा हजार आठशे हातात. ते पैसे बुडालेले नाहीत, तुमच्या पॅनवर जमा होतात, रिटर्न भरल्यावर टॅक्समध्ये वळते होतात किंवा परत येतात. म्हणून बिलावर पॅन टाका आणि वर्षातून दोनदा तरी तपासा की कापलेले पैसे खरंच जमा दिसतायत का. दिसले नाहीत तर मार्चपर्यंत थांबू नका, लगेच अकाउंटंटला सांगा. जीएसटीची नोंदणी सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर लागते, सुरुवातीला तो विषय नसतो.

फी वाढवायची बोलणी वर्ष झाल्यावर करा आणि सीझनमध्ये करू नका. बोलायला जाताना आकडे लाइकचे नेऊ नका, शेठला ते कळत नाहीत आणि पटतही नाहीत. त्याऐवजी वर्षभर एक यादी ठेवा, पोस्ट वाचून कोणी फोन केला, कोणी मिल बघायला आलं, प्रदर्शनात कोणी "तुमची वाट्यांची पोस्ट वाचली" म्हटलं, हे शेठ बैठकीत सहज सांगत असतो. ती यादी त्याच्यासमोर ठेवली की वाढीचं बोलणं दहा मिनिटांत संपतं.

आणि काम सुटलं तर शेवटच्या महिन्यात तीन गोष्टी: मंजूर झालेल्या सगळ्या पोस्टची एक फाइल त्याला द्या, बोलीचा कागदही द्या कारण तो त्याचाच आहे, आणि तुमच्याकडं उरलेली रेकॉर्डिंग, ड्राफ्ट, शेअर केलेले फोल्डर त्याच्यासमोर डिलीट करून "सगळं काढलं" असा एक मेसेज टाकून ठेवा. कंपनी पेजचा ॲडमिन हक्क त्याच दिवशी काढायला सांगा, तो विसरेल, तुम्ही आठवण करा.